ब्लीचनंतर पेंढ्यासारखे झालेले केस: प्रोटीन हवं की ओलावा, हे ओल्या केसावर ठरवा

ब्लीच करून घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन धुण्यांतच केस पेंढ्यासारखे लागायला लागतात. मग ‘रिपेअर’ किंवा ‘केराटिन’ लिहिलेला मास्क आणला जातो आणि दर धुण्याला लावला जातो. पहिल्या वेळी केस छान वाटतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते आणखी कडक होतात, कंगव्यात तुकडे यायला लागतात, आणि मास्क कमी पडतोय असं समजून त्याहून जोरदार मास्क आणला जातो. खरं तर तिथे प्रोटीन जास्त झालेलं असतं. दुसरीकडे काही जणी फक्त तेल आणि कंडिशनर लावत राहतात. त्यांचे केस मऊ होतात, पण ओले असताना रबरासारखे ताणले जाऊन तुटतात.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे: कोरडा केस हाताला कसा लागतो यावर निर्णय घेतला जातो. प्रोटीन कमी असो, जास्त असो, केसावरचं स्निग्ध वंगण संपलेलं असो किंवा बोअरच्या पाण्याचा थर बसलेला असो, कोरड्या केसाचा स्पर्श चारही वेळा पेंढ्यासारखाच असतो. फरक कळतो तो केस ओला करून ताणल्यावर.

## सुरू करण्याआधी: नेमकं काय बिघडलंय

ब्लीचमधली परसल्फेटची पावडर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा डेव्हलपर मिळून केसातला काळा रंग मोडतात. पण ते तिथे थांबत नाहीत. केसातल्या केराटिनला घट्ट धरून ठेवणारे गंधकाचे बंध त्यात तुटतात आणि केसाच्या पृष्ठभागावरचा पाणी दूर ठेवणारा स्निग्ध थरही निघून जातो. आपल्याकडचे केस मुळात काळेभोर असल्यामुळे फिकट छटेपर्यंत जायला बऱ्याचदा दोन किंवा तीन वेळा ब्लीच करावं लागतं, म्हणून नुकसानही तितकंच साचत जातं.

पहिल्या नुकसानीने केस कमकुवत होतो, दुसऱ्याने खरखरीत. प्रोटीनचा उपचार कमकुवतपणासाठी आहे, ओलाव्याचा उपचार खरखरीतपणासाठी. हायड्रोलाइज्ड प्रोटीन म्हणजे बारीक तुकडे केलेलं प्रोटीन. ते खराब झालेल्या जागी चिकटतं, काही अंशी आत शिरतं आणि केसाला तात्पुरता टेकू देतं. ‘ओलावा’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. ब्लीच केलेला केस पाणी पटकन पितो, अगदी गरजेपेक्षा जास्त. त्याला पाणी भरून द्यायचं नसतं, गेलेल्या स्निग्ध थराच्या जागी दुसरं काहीतरी बसवायचं असतं. कंडिशनरमधली सीटाइल आणि स्टीअराइल अल्कोहोलसारखी मेणचट द्रव्यं हेच काम करतात. नावात अल्कोहोल असलं तरी ती केस कोरडे करत नाहीत.

केस मेलेला धागा आहे, तो जखमेसारखा भरून येत नाही. इथे सांगितलेलं सगळं केस वाढून ब्लीच केलेला भाग कापून निघेपर्यंत तो टिकवण्यासाठी आहे.

## टप्पा 1: पहिल्या दिवशी काय थांबवायचं, काय आणायचं

स्ट्रेटनर, कर्लर आणि गरम हवेचा ड्रायर बंद. ब्लीच केलेल्या भागावर मेंदी नको, तिने कोरडेपणा वाढतो आणि पुढे रंग करताना अडचण होते. खाण्याचा सोडा कुठल्याही मिश्रणात नको, तो अल्कधर्मी असतो आणि ब्लीचने उघडलेले केसाच्या पृष्ठभागावरचे खवले आणखी उघडतो.

सावध: पार्लरमध्ये ‘केराटिन ट्रीटमेंट’ सुचवली तर ती प्रोटीनचा उपचार समजू नका. ते बहुतेक वेळा केस सरळ करण्याचं रसायन असतं आणि ते 200 अंशांच्या आसपास तापलेल्या इस्त्रीने केसावर बसवलं जातं. ताज्या ब्लीच केलेल्या केसाला एवढी उष्णता सोसत नाही.

आणायच्या वस्तू मोजक्याच आहेत: एक सौम्य शाम्पू, प्रोटीन नसलेला एक घट्ट कंडिशनर किंवा मास्क, प्रोटीन असलेला एक मास्क, मोठ्या दातांचा कंगवा, खोबरेल तेल आणि घरातला जुना मऊ पंचा.

या खरेदीतच अर्धी चूक होते, म्हणून बाटलीची मागची बाजू वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. प्रोटीनच्या मास्कमध्ये हायड्रोलाइज्ड केराटिन, हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन, सिल्क प्रोटीन किंवा सोया प्रोटीन यांपैकी काहीतरी हवं आणि ते यादीत फिनॉक्सीइथेनॉलच्या आधी आलेलं असावं. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक जास्तीत जास्त 1 टक्का वापरलं जातं. प्रोटीन त्याच्याही नंतर आलं असेल तर ते नावापुरतंच आहे. कंडिशनरच्या यादीत मात्र यातलं काहीच नको. शाम्पू, कंडिशनर आणि सीरम तिन्हींवर ‘केराटिन’ लिहिलेलं असेल तर मास्क न लावताही तुम्ही दर धुण्याला प्रोटीन देत असता, आणि हिशेब तिथेच चुकतो.

अंडं, दही किंवा तांदळाचं पाणी यांनी हे काम होत नाही. अंड्यातलं प्रोटीन एवढं मोठं असतं की केसात शिरू शकत नाही. तांदळाच्या पाण्यात प्रोटीनपेक्षा स्टार्च जास्त असतो. तो कांजी केलेल्या साडीसारखा केस ताठ करतो, आणि त्या ताठपणालाच ताकद समजलं जातं.

## टप्पा 2: आधी थर उतरवा

पुण्याच्या उपनगरांतल्या टँकर-बोअरच्या सोसायट्या असोत की मराठवाड्या-विदर्भातली गावं, पाणी जड असेल तर हा टप्पा गाळू नका. ब्लीच केलेला केस पाण्यातलं कॅल्शियम निरोगी केसापेक्षा जास्त धरून ठेवतो. त्याचा थर बसला की केस कडक होतो आणि वर लावलेला मास्क नीट पोचत नाही.

तपासा: मुळाशी नवीन उगवलेला, ब्लीच न लागलेला दोन-तीन सेंटिमीटरचा भाग चिमटीत धरून पाहा. तोही खरखरीत लागत असेल, शाम्पूला फेस येत नसेल आणि नळावर-बादलीवर पांढरे डाग पडत असतील, तर पहिला संशय पाण्यावर घ्या.

यासाठी कीलेटिंग शाम्पू वापरतात. बाटलीवर जड पाण्यासाठी असल्याचं लिहिलेलं असतं आणि घटकांत ईडीटीए किंवा फायटिक अॅसिड असतं. तो केसांत तीन मिनिटं ठेवून धुवा आणि लगेच कंडिशनर लावा. जड पाणी असेल तर तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. रोजच्या धुण्याला तो वापरू नका, खूप कोरडं करतो. शक्य असेल तर शेवटचे एक-दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्या.

कित्येकदा एवढ्यानेच निम्मा पेंढा उतरतो.

## टप्पा 3: ताणून पाहण्याची चाचणी

पुढचा प्रत्येक निर्णय या चाचणीवर अवलंबून आहे, त्यामुळे ती घाईत करू नका. ती धुतलेल्या, पण तेल-कंडिशनर-सीरम काही न लावलेल्या केसावर करायची. तीन ठिकाणचे केस घ्या: एक डोक्याच्या वरच्या भागातला, एक कानामागचा, एक मानेजवळचा. शेंड्याकडचा भाग आणि मधला भाग वेगळा तपासा, कारण दोघांची अवस्था सहसा सारखी नसते. तुलनेसाठी ब्लीच न लागलेला एक केस असेल तर उत्तम.

केस वाटीभर पाण्यात पाच मिनिटं भिजवा. मग पट्टीच्या कडेला धरून 10 सेंटिमीटरचा तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत पकडा आणि हळूहळू ताणा. झटका दिला तर कुठलाही केस तुटेल आणि चाचणी फुकट जाईल.

चांगल्या अवस्थेतला केस साधारण 13 सेंटिमीटरपर्यंत ताणला जातो आणि सोडल्यावर परत 10 च्या आसपास येतो. ताणताना बोटांना हलकासा विरोध जाणवतो.

प्रोटीन कमी असेल तर विरोध जाणवतच नाही. केस 14-15 सेंटिमीटरपर्यंत जातो, मध्येच पातळ होतो आणि सोडल्यावर लांबच राहतो किंवा पिळासारखा गुंडाळतो. बोटांमध्ये तो शिजून मऊ पडलेल्या शेवईसारखा लागतो.

वंगण कमी असेल किंवा प्रोटीन जास्त झालं असेल तर केस 11 सेंटिमीटरच्या आतच ‘टक्’ करून तुटतो. यातलं नेमकं कोणतं, ते मागच्या महिन्याचा हिशेब सांगतो. प्रोटीनच्या वस्तू लावत आला असाल तर ते जास्त झालंय, नसाल तर फक्त वंगण संपलंय. दोन्हींवर पहिला उपाय एकच: प्रोटीन बंद, कंडिशनर सुरू.

तपासा: केस उजेडात धरा. मध्ये बारीक पांढरा ठिपका दिसला तर तिथे केसाची साल फुटून आतले धागे उघडे पडले आहेत. तो तिथूनच तुटणार, कुठल्याही मास्कने सांधला जाणार नाही. असे ठिपके शेंड्यांना बरेच असतील तर उपचाराआधी ठिपक्यांच्या वरून केस कापून घ्या.

## टप्पा 4: प्रोटीनचा दिवस

हा टप्पा फक्त ज्या भागाचा केस शेवईसारखा ताणला गेला त्या भागासाठी आहे. पूर्ण डोक्याला प्रोटीन फासणं ही सर्रास होणारी चूक आहे. मुळाकडच्या निरोगी केसाला त्याची गरज नसते, तिथे ते नुसता कडकपणा आणतं.

त्या दिवशी आधी तेल लावू नका. तेलाचा थर राहिला तर प्रोटीन सारखं बसत नाही. शाम्पू करा, फेस पूर्ण काढा आणि पंच्याने केस दाबून टिपा, इतके की शेंड्यातून थेंब गळायचे थांबावेत. पाणी निथळत असताना लावलेला मास्क पातळ होऊन पाठीवरून वाहून जातो.

खांद्यापर्यंतच्या मध्यम दाट केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला पोह्याचे दोन चमचे मास्क पुरतो. केसांचे चार भाग करा, प्रत्येक बट दोन बोटांच्या मधून वरून खाली सरकवत मास्क लावा. चोळू नका. पहिल्या वेळी पाच मिनिटंच ठेवा, बाटलीवर जास्त वेळ लिहिली असली तरी. पुढच्या वेळी केसाची साथ पाहून दहापर्यंत जा. मग कोमट पाण्याने पूर्ण धुवा.

धुताना केस थोडे जाड, किंचित ताठ लागतील. अनेक जणी इथे घाबरतात आणि उपचार फसला असं समजतात, पण प्रोटीन बसल्याची ती खूण आहे. हा ताठपणा पुढच्या टप्प्यात जातो, म्हणून इथे थांबायचं नाही.

सावध: प्रोटीन लावून, धुवून तसेच वाळवलेले केस विंचरू नका. तेव्हा ते सर्वांत जास्त तुटतात.

## टप्पा 5: ओलावा, आणि तो प्रत्येक धुण्याला

प्रोटीन अधूनमधून, कंडिशनर दर वेळी. प्रोटीनच्या दिवशीही त्याच्यानंतर कंडिशनर येतोच. क्रम उलटा केला तर कंडिशनरच्या स्निग्ध थरावर प्रोटीनला धड पकड मिळत नाही आणि वर केस ताठ राहतात.

खांद्यापर्यंतच्या केसांना पोह्याचे तीन-चार चमचे कंडिशनर घ्या. ऐकायला जास्त वाटतं, पण ब्लीच केलेला केस तेवढा मागतो. कानाच्या खालून शेंड्यांपर्यंत लावा, टाळूला नको. तो केसांत असतानाच मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि शेंड्यापासून सुरुवात करून थोडं थोडं वर जात गुंता सोडवा. आठवड्यातलं खरं विंचरणं हेच. शॉवर कॅप घालून दहा ते पंधरा मिनिटं थांबा. रात्रभर ठेवून जास्त फायदा होत नाही, उलट केस बराच वेळ ओला राहून फुगतो आणि आणखी कमजोर होतो. धुताना केस हाताला गुळगुळीत लागला पाहिजे. अगदी ‘करकर’ आवाज येईपर्यंत धुतलात तर लावलेलं सगळं गेलं.

ज्या धुण्याला प्रोटीन नाही, त्याच्या आधी खोबरेल तेल लावा. धुण्याच्या दोन तास आधी किंवा आदल्या रात्री, एक ते दोन पोह्याचे चमचे, ब्लीच केलेल्या भागाला. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन वाहून जाणं कमी करतं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या प्रयोगात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. त्यात ब्लीच केलेल्या केसांचाही समावेश होता आणि ही गळती फक्त खोबरेलाने कमी झाली. धुतल्यानंतर थापलेलं तेल मात्र हे काम करत नाही, तिथे दोन-तीन थेंब शेंड्यांना पुरे.

ग्लिसरिनकडे हवेनुसार बघा. ते हवेतलं पाणी ओढतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ग्लिसरिनचं, न धुता केसांत ठेवायचं लीव्ह-इन क्रीम लावलं तर ब्लीच केलेले केस फुगून पिंजारतात. विदर्भातल्या मे महिन्यात हवेतच पाणी नसतं, तिथे त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

## टप्पा 6: वाळवणं

टॉवेलने खसाखसा पुसू नका आणि ओल्या केसांचा अंबाडा घालू नका. ओला ब्लीच केलेला केस सर्वांत कमकुवत असतो आणि रबरबँडखालीच तुटतो. पंचा केसांभोवती गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, मग पंख्याखाली मोकळे वाळू द्या. अर्धवट ओले असताना सिलिकॉनचं सीरम दोन-तीन थेंब शेंड्यांना लावा. सिलिकॉनला घाबरण्याचं कारण नाही, या केसावर त्याच्याइतकं घर्षण कमी करणारं दुसरं फारसं काही नाही.

## टप्पा 7: अंतर ठरवणं, एका उदाहरणासह

‘प्रोटीन दर पंधरा दिवसांनी’ असा सरसकट नियम चालत नाही. चाचणी सांगेल तेव्हाच. हे कसं चालतं ते एका डोक्यावर पाहू.

समजा, खांद्याखाली चार बोटं लांब, मध्यम दाट केस आहेत. महिनाभरात दोनदा ब्लीच झालंय, आठवड्यातून दोनदा धुणं होतं, पाणी बोअरचं आहे. पहिल्या धुण्याला कीलेटिंग शाम्पू आणि कंडिशनर. पुढच्या धुण्याला चाचणी: मधला भाग 10 वरून 13 वर गेला, परत साडेदहावर आला. शेंड्याकडचा केस 15 पर्यंत गेला आणि 13 वरच राहिला. म्हणजे प्रोटीन हवं ते फक्त खालच्या 12-15 सेंटिमीटरना.

दुसऱ्या आठवड्यात शेंड्यांना पाच मिनिटं प्रोटीन, मग सगळीकडे कंडिशनर. त्यानंतरच्या तीन धुण्यांना फक्त आधी तेल आणि नंतर कंडिशनर. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला चाचणी: शेंडा 14 पर्यंत जातो, परत 12 वर येतो. सुधारणा आहे, पण पुरेशी नाही. म्हणून दुसऱ्यांदा प्रोटीन, या वेळी आठ मिनिटं.

पाचव्या आठवड्यात केस अचानक कडक लागायला लागतात. चाचणीत शेंडा साडेदहालाच तुटतो. मास्क तर दोनदाच लावलेला. शोध घेतल्यावर कळतं, त्याच आठवड्यात आणलेल्या लीव्ह-इन क्रीममध्ये हायड्रोलाइज्ड केराटिन यादीत चौथं आहे आणि ते रोज सकाळी लावलं जातंय. क्रीम बंद, एक धुणं खोल साफ करणाऱ्या शाम्पूने, आणि पुढची पाच धुणी फक्त कंडिशनर. आठव्या आठवड्यात शेंडा 13 पर्यंत जाऊन साडेदहावर परत येतो. आता पुढचं प्रोटीन केस पुन्हा 14 कडे सरकला तरच.

जास्त झालेलं प्रोटीन असंच उतरतं. ते बरंचसं केसाच्या वरच्या थरात बसलेलं असतं, म्हणून चार ते सहा धुण्यांत निघून जातं. त्याला उतारा म्हणून तेलाचा मारा करण्याची गरज नाही.

## टप्पा 8: कुठे थांबायचं

ओला केस नुसता दाबला तरी बोटांत लगदा होऊन तुटत असेल, किंवा दोनदा प्रोटीन देऊनही ताणलेला केस जराही परत येत नसेल, तर तो भाग गेला. तिथे महाग उपचारांवर खर्च करण्यापेक्षा कापणं बरं. नाहीतर तुटणं शेंड्यावरून वर सरकत राहतं आणि शेवटी जास्त लांबी जाते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे दर दीड-दोन महिन्यांनी दोन सेंटिमीटर कापत गेलात तर लांबी जवळजवळ तीच राहते आणि ब्लीच केलेला भाग हळूहळू निघून जातो.

टाळूवर फोड, ओली जखम, सतत जळजळ असेल किंवा केस मुळासकट गळत असतील तर हे मास्कचं काम नाही. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि जखम बरी होईपर्यंत टाळूला काहीही लावू नका.

पुन्हा ब्लीच करायचं असेल तर त्याच दिवशी सकाळी ताणून पाहू नका, आठ दिवस आधी पाहा आणि शेवटचं प्रोटीन दिल्याला किमान तीन धुणी झालेली असू द्या. ताज्या प्रोटीनच्या टेकूवर उभा असलेला केस चाचणीत पास होतो आणि ब्लीचच्या वाटीत तुटतो. पार्लरवालीला ब्लीच फक्त मुळाशी नव्याने वाढलेल्या केसावर लावायला सांगा, जुन्या ब्लीच केलेल्या भागावर ते चढू देऊ नका.